एक मीटर, तीन जणी आणि एकाच खोलीतला एसी: विजेच्या बिलाची वाटणी

प्रश्न: आम्ही तिघी ऐरोलीत टू बीएचके भाड्याने घेऊन राहतो. मीटर एकच आहे. एकीच्या खोलीत एसी आहे, तो तिने स्वतः लावून घेतला आहे. मी घरून काम करते, तिसरी सकाळी जाते ती रात्रीच येते. मे महिन्यात लाईट बिल सहा हजारांवर गेले. एसीवाली म्हणते सरळ तीन भाग करा, कारण मी दिवसभर घरी असते. नक्की न्याय्य वाटणी कशी करायची?

उत्तर: तीन समान भाग करणे तुमच्या घरात न्याय्य होणार नाही. मात्र, एसीला किती युनिट लागले ते मोजून बिलाच्या सरासरी दराने तेवढे पैसे तिच्याकडून घेणे, हा जो मार्ग बहुतेक घरांत सुचवला जातो, तोही पुरेसा न्याय्य नाही. मी ठाणे आणि नवी मुंबईत घरगुती वायरिंगची आणि एखाद्या उपकरणाचा वापर वेगळा मोजणारे छोटे मीटर, म्हणजे सबमीटर, बसवण्याची कामे करतो आणि अशा वाटण्यांची गणिते मला नेहमी करून द्यावी लागतात. त्यांत वाद बहुधा युनिट किती यावर होत नाही. महाग दराचे युनिट कोणाच्या नावावर टाकायचे, यावर होतो. म्हणून आधी दराचे स्वरूप पाहू.

महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिले 100 युनिट सर्वांत स्वस्त, 101 ते 300 त्याहून बरेच महाग, 301 ते 500 आणखी महाग आणि 500 च्या पुढचे सर्वांत महाग. प्रत्येक युनिटवर वीज आकाराखेरीज वहन आकार लागतो, आणि इंधन समायोजन आकार असेल त्या महिन्यात तोही. शिवाय युनिट कितीही वापरले तरी न बदलणारा स्थिर आकार असतो आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क असते. हे दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाप्रमाणे बदलत राहतात, त्यामुळे खालच्या गणितात मी वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार एकत्र धरून गोल आकडे घेतो: पहिल्या टप्प्याला 6 रुपये, दुसऱ्याला 11, तिसऱ्याला 15. तुम्ही त्यांच्या जागी तुमच्या बिलावर छापलेले दर घाला. रीत तीच राहील.

हे टप्पे मीटरला लागू होतात, माणसांना नाही, आणि तुमच्या वादाचे मूळ इथेच आहे. तिघींची तीन वेगळी घरे असती, तर प्रत्येकीला स्वस्तातले 100 युनिट स्वतंत्र मिळाले असते. एका मीटरवर ते तिघींत मिळून एकदाच मिळतात. त्यामुळे एकीचा वापर वाढला की तो केवळ तिचे युनिट वाढवत नाही, तर घराचे बिल पुढच्या, महाग टप्प्यात नेतो. सरासरी दराने वाटणी केली, तर या महाग टप्प्याचा भार एसीला हातही न लावणाऱ्या दोघींच्या पंख्या-दिव्याच्या युनिटांवरही पसरतो.

आता तुमच्या घरासारखाच एक महिना मांडून पाहू. समजा, बिलावर एकूण 450 युनिट आहेत. एसीच्या सबमीटरने 210 युनिट दाखवले. राहिले 240. त्यांतले 30 युनिट घरून काम करण्याचे, म्हणजे तुमचे धरू. उरलेले 210 युनिट फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन, वायफाय, दिवे आणि पंखे यांचे, म्हणजे प्रत्येकीचे 70. अशा प्रकारे एसीवालीचे 280, तुमचे 100 आणि तिसरीचे 70 युनिट झाले.

तुमच्या 30 युनिटांचा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. लॅपटॉपचे सुमारे 60 वॅट, जोडीला वेगळी स्क्रीन असेल तर तिचे 25 वॅट आणि जुन्या पद्धतीच्या पंख्याचे 75 वॅट धरले, तर 160 वॅट होतात. नऊ तासांचे साधारण दीड युनिट आणि कामाच्या 22 दिवसांचे तीस-बत्तीस युनिट. दिवसभर घरी असण्याने बिल किती वाढते, याचे उत्तर एवढेच आहे. ते शून्य नाही आणि तुम्ही ते आपणहून मान्य करायला हवे. पण ते एसीच्या जवळपासही जात नाही. फक्त दुपारच्या स्वयंपाकाला तुम्ही इंडक्शन शेगडी वापरत असाल, तर तिचा हिशेब वेगळा धरावा लागेल, कारण ती दीड-दोन हजार वॅटची असते आणि रोज अर्धा तास चालली तरी महिन्याला वीसएक युनिट सहज घेते.

450 युनिटांचा आकार असा होतो: 100 युनिट 6 रुपयांनी 600, पुढचे 200 युनिट 11 रुपयांनी 2200 आणि शेवटचे 150 युनिट 15 रुपयांनी 2250. एकूण 5050 रुपये. समान वाटणीत प्रत्येकीला साधारण 1683 रुपये येतात. सरासरी दर युनिटमागे 11.22 रुपये पडतो. त्या दराने एसीवालीचे 3142, तुमचे 1122 आणि तिसरीचे 786 रुपये होतात.

आता एकच प्रश्न विचारा: या महिन्यात एसी नसता, तर बिल किती आले असते? 240 युनिटांचे: 100 युनिटांचे 600 आणि 140 युनिटांचे 1540, म्हणजे 2140 रुपये. घर तिसऱ्या टप्प्यात गेलेच नसते आणि सरासरी दर युनिटमागे 8.92 रुपये राहिला असता. एसीमुळे बिल 2140 वरून 5050 वर गेले, म्हणजे एसीची खरी किंमत 2910 रुपये, युनिटमागे जवळपास 13.86 रुपये आहे. दुसऱ्या टप्प्यात जागा होती म्हणून त्यातले 60 युनिट 11 रुपयांत बसले आणि बाकीचे 150 युनिट 15 रुपयांना पडले. माझ्या मते हे 2910 रुपये एसीवालीने द्यावेत आणि उरलेले 2140 रुपये तिघींनी आपापल्या इतर युनिटांप्रमाणे वाटून घ्यावेत: तुमच्या 100 युनिटांचे 892 रुपये, तिसरीच्या 70 चे 624 रुपये आणि एसीवालीच्या 70 चे 624 रुपये. एसी धरून तिचे एकूण 3534 रुपये होतात.

शेवटी स्थिर आकाराचे तीन समान भाग करा, कारण तो जोडणीचा आहे, वापराचा नाही. तो 130 रुपये धरला, तर प्रत्येकीचे 43 रुपये आले. मग प्रत्येकीच्या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क चढवा. एसीवालीचे 4150, तुमचे 1085 आणि तिसरीचे 774 रुपये होतात, बेरीज 6009. समान वाटणीत प्रत्येकीला 2003 रुपये आले असते. म्हणजे मे महिन्यात तुम्ही जवळपास 900 रुपये आणि तिसरीने 1200 हून अधिक रुपये दुसऱ्याच्या गारव्यासाठी दिले असते.

यावर एसीवालीचा एक आक्षेप येईल आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ती म्हणेल, “माझेच युनिट शेवटी का मोजायचे? एसी आधी मोजला आणि तुमचे पंखे नंतर मोजले, तर महाग युनिट तुमच्या वाट्याला येतील.” हा मुद्दा खरा आहे, कारण मीटरला आधी कोण आणि नंतर कोण हे कळत नाही. म्हणून मी आणखी एक ताळा करून दाखवतो. तिघींना तीन स्वतंत्र मीटर असते, असे समजा. तिच्या 280 युनिटांचे 600 आणि 1980 मिळून 2580 रुपये झाले असते, तुमच्या 100 युनिटांचे 600 आणि तिसरीच्या 70 युनिटांचे 420. एकूण 3600. प्रत्यक्षात आकार 5050 आला. म्हणजे एका मीटरवर राहण्याची किंमत 1450 रुपये आहे आणि ती कोणा एकीची चूक नाही.

आता वरच्या वाटणीत हे 1450 रुपये कोणावर किती पडले ते पाहा. एसीवालीवर 954, तुमच्यावर 292 आणि तिसरीवर 204. टक्केवारीत हे 66, 20 आणि 14 होतात. तिघींच्या युनिटांचे प्रमाण 62, 22 आणि 16 टक्के आहे. दोन्ही प्रमाणे जवळपास जुळतात. एसीला शेवटी मोजूनही तिच्यावर तिच्या वापराच्या मानाने फारसा जास्त भार आलेला नाही. उलट सरासरी दराच्या वाटणीत तिच्यावर 1450 पैकी फक्त 562 रुपये पडले असते आणि तुमच्यावर 522, म्हणजे तुमच्या जवळपास तिप्पट युनिट तिने वापरूनही ती आणि तुम्ही एका मीटरचा तोटा जवळजवळ सारखाच सोसला असता. हा ताळा तिच्यासमोर कागदावर करून दाखवा. मी पाहिले आहे की, हे आकडे समोर मांडले की एसी वापरणारी व्यक्ती बहुधा मान्य करते, कारण आपल्याला शिक्षा केली जात नाही हे तिला दिसते.

उद्या दुसऱ्या खोलीतही एसी आला, तर रीत थोडी बदलेल. दोन्ही एसींचे युनिट एकत्र वजा करून एसीविना बिल काढायचे आणि फरकाची रक्कम दोन एसींत त्यांच्या युनिटांच्या प्रमाणात वाटायची. त्यात कोणाचा एसी आधी आला याला काही महत्त्व द्यायचे नाही.

हे सारे एका आकड्यावर उभे आहे, तो म्हणजे एसीचे युनिट. तो अंदाजाने ठरवू नका. पाटीवर लिहिलेले वॅट गुणिले तास, असा हिशेब इन्व्हर्टर एसीला लावला तर तो एसीवालीवर अन्याय करतो. दीड टनाच्या एसीवर साधारण 1500 वॅट लिहिलेले असतात. रात्री आठ तास आणि तीस दिवस धरले तर 360 युनिट होतात. पण खोली गार झाल्यावर इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर मंद होतो आणि प्रत्यक्ष वापर यापेक्षा बराच खाली राहतो. किती खाली, हे खोलीच्या उन्हावर, दार किती वेळ उघडे राहते यावर आणि रिमोटवर लावलेल्या तापमानावर ठरते. म्हणून मोजणे हाच उपाय आहे.

मोजण्याचे दोन चांगले मार्ग आहेत. एक, घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीत, म्हणजे डीबीमध्ये, एसीच्या आपोआप पडणाऱ्या स्विचनंतर, म्हणजे एमसीबीनंतर, पट्टीवर बसणारा छोटा सिंगल फेज मीटर. त्यासाठी एसीची लाइन डीबीपर्यंत स्वतंत्र आलेली असावी लागते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि त्याआधी घरमालकांची परवानगी घ्यावी. दुसरा, एसीच्या 16 अँपियरच्या सॉकेटमध्ये बसणारा मीटर. तो घेताना 16 अँपियरचाच आहे याची खात्री करा आणि पहिल्या आठवड्यात एसी तासभर चालल्यावर प्लगला हात लावून पाहा. प्लग चटका बसेल इतका गरम लागला, तर सॉकेट सैल आहे; ते बदलेपर्यंत एसी चालवू नका. अशा काही स्वस्त मीटरांचा आकडा वीज गेल्यावर शून्यावर येतो. म्हणून विकत घेतल्यावर एकदा मुद्दाम बटण बंद-चालू करून आकडा टिकतो का ते तपासा. सबमीटरचा खर्च तिघींनी मिळून करावा, असे मी सुचवीन, कारण तो तिघींच्याही हिशेबाचा पुरावा आहे. इतर उपकरणांना मीटर लावण्याच्या फंदात पडू नका. पंधरा लिटरच्या गीझरचे पाणी 30 अंशांनी तापवायला सुमारे अर्धा युनिट लागतो. त्याची मोजदाद माणसागणिक करायला गेलात, तर वाचलेल्या पैशांपेक्षा कटकट मोठी होईल.

रीडिंगची तारीख हा दुसरा नाजूक भाग आहे. बिल महिन्याच्या एक तारखेपासून मोजलेले नसते. बिलावर मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा दिलेल्या असतात. सबमीटरचे आकडे त्याच दोन तारखांचे हवेत, नाहीतर आठ-दहा रात्रींचा एसी भलत्याच महिन्यात मोजला जातो. रीडिंग साधारण ज्या तारखेच्या आसपास होते, त्या चार-पाच दिवसांत रोज रात्री सबमीटरचा फोटो काढून तिघींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका आणि बिल आले की जुळणाऱ्या तारखेचा फोटो वापरा. पहिल्या वेळी सोसायटीच्या मीटर रूममध्ये जाऊन बिलावरचा मीटर क्रमांक आणि तिथला मीटर एकच आहे ना, हेही पाहून घ्या. पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात. त्यांतला kWh लिहिलेला आकडाच युनिटचा असतो.

बिल प्रत्यक्ष रीडिंगवर नसून सरासरीवर आले असेल, तर त्या महिन्याची अंतिम वाटणी करू नका. तात्पुरते मागच्या महिन्याच्या प्रमाणात पैसे भरा आणि खरे रीडिंग आल्यावर दोन्ही महिन्यांचा हिशेब एकत्र करा. अशा वेळी टप्प्यांच्या मर्यादाही महिन्यांच्या प्रमाणात वाढवून धराव्या लागतात: दोन महिन्यांसाठी स्वस्तातले 100 नव्हे, तर 200 युनिट. बिलात मागील थकबाकी, व्याज किंवा विलंब आकार दिसत असेल, तर तो या गणिताच्या बाहेर ठेवा. तुम्ही राहायला येण्यापूर्वीची थकबाकी घरमालकांची, आणि एकीने पैसे उशिरा दिल्यामुळे लागलेला विलंब आकार तिचा. वर्षातून एकदा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल येऊ शकते. ती रक्कम जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या खात्यात जमा राहते, म्हणून ती भाडेकरूंनी वाटून घेण्याची गोष्टच नाही. बिल घरमालकांना पाठवून तसे स्पष्ट सांगा.

ही रीत सुरू केल्यावर दर महिन्याला एका आकड्यावर लक्ष ठेवा: एकूण युनिटांतून एसीचे युनिट वजा केल्यावर उरणारे युनिट. आमच्या उदाहरणात ते 240 आहेत. ऋतूप्रमाणे ते थोडे हलतील, थंडीत गीझरमुळे वाढतील आणि पंखे बंद राहिल्याने उतरतील. पण कारण नसताना ते एकदम 320-330 झाले, तर वाटणीवर भांडण्याआधी घरात काय बिघडले ते शोधा. फ्रिजच्या दाराचे रबर सैल झाले की त्याचा कॉम्प्रेसर जवळपास थांबतच नाही. गीझरचा थर्मोस्टॅट अडकला की तो विसरून चालू राहिला तर पाणी उकळेपर्यंत वीज खातो. कोणाचा भाऊ किंवा मैत्रीण तीन आठवडे राहून गेली असेल, तर तेही याच आकड्यात दिसते आणि त्या दिवसांपुरते त्या बाजूचे एक माणूस जास्त धरणे योग्य. या कोणत्याच गोष्टीने उलगडा झाला नाही, तर घरातला मेन स्विच बंद करून एकीने मीटर रूममध्ये उभे राहावे. घरात काहीच चालू नसताना मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहिला, तर तुमच्या मीटरवरून दुसरीकडे कुठेतरी वीज जात आहे. ते सोसायटीला आणि घरमालकांना कळवून वायरमनकडून तपासून घ्यावे लागेल.

एखादी महिनाभर गावी गेली, तर तिच्या 70 युनिटांपैकी सारे माफ करू नका. फ्रिज आणि वायफाय ती नसतानाही चालूच असतात आणि तिचे सामानही त्या घरातच असते. साध्या फ्रिजचे आणि वायफायचे मिळून महिन्याला तीसएक युनिट धरले, तर त्यांचा तिसरा हिस्सा, म्हणजे दहा युनिट आणि स्थिर आकाराचा तिचा भाग तिने द्यावा. बाकीचे युनिट घरात राहणाऱ्यांनी वाटून घ्यावेत.

एकच परिस्थिती अशी आहे, जिथे मी या रीतीचा आग्रह धरत नाही. एसी हॉलमध्ये असेल आणि तिघी तिथे बसत असतील, किंवा उन्हाळ्यात तिघी त्याच खोलीत झोपत असतील, तर तो एसी एकीचा राहत नाही, मग विकत कोणीही घेतलेला असो. अधूनमधून झोपायला जाणारीसाठी रात्री मोजून ठेवाव्यात: महिन्यात तीस रात्री एसी चालला आणि त्यातल्या दहा रात्री तुम्ही त्या खोलीत होतात, तर 2910 रुपयांचा तिसरा हिस्सा त्या दहा रात्रींचा, आणि त्यातला निम्मा, म्हणजे 485 रुपये तुमचे.

मधल्या तारखेला कोणी घर सोडत असेल, तर त्या दिवशी मुख्य मीटर आणि सबमीटर या दोन्हींचे फोटो काढा, पण हिशेब तेव्हाच बंद करू नका. त्या महिन्याचे घर कोणत्या टप्प्यात जाईल, हे बिल आल्याखेरीज कळत नाही. जाणारीच्या अनामतीतून साधारण मागच्या बिलातल्या तिच्या वाट्याएवढी रक्कम बाजूला ठेवा आणि बिल आल्यावर तिच्या दिवसांचे युनिट याच रीतीने काढून उरलेले पैसे तिला परत पाठवा.